‘३१ कंपन्या, ३५ प्लांट’ : माझं कंपनी प्रोफाइल नव्याने लिहिताना

मी कारखान्यांमधल्या कॉम्प्रेस्ड एअरचं ऑडिट करते. हवेची गळती कुठे आहे, प्रेशर गरजेपेक्षा जास्त ठेवलंय का, कॉम्प्रेसर किती वेळ रिकामा चालतोय, हे मोजायचं आणि त्यातून वीज किती वाचेल ते सांगायचं. स्वतःचं काम सुरू करण्याआधी मी चाकणजवळच्या एका ऑटो पार्टच्या कारखान्यात युटिलिटी विभागात होते. तेव्हा सल्लागारांची कंपनी प्रोफाइल माझ्याच टेबलावर यायची. बहुतेकांचा साचा एकच असे: पहिल्या पानावर ‘२००+ समाधानी ग्राहक’, दुसऱ्यावर लोगोंची भिंत, तिसऱ्यावर ‘३० टक्क्यांपर्यंत वीजबचत’. मी ती बाजूला ठेवून द्यायचे. प्रत्येक जण खोटं लिहीत असेल असं मला वाटत नव्हतं. पण त्या तीन आकड्यांतला एकही तपासायची सोय त्या कागदावर नसायची, आणि साहेबांपुढे प्रस्ताव नेताना उत्तर मला द्यावं लागणार होतं.

त्यामुळे गेल्या वर्षी लिंक्डइनवरचं माझं पान आणि पीडीएफमधलं कंपनी प्रोफाइल नव्याने करायला घेतलं, तेव्हा अट एकच ठेवली. वाचणारा युटिलिटी इंजिनियर प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ‘हे कशावरून?’ असं विचारू शकेल आणि माझ्याकडे दाखवायला कागद असेल.

सुरुवात ग्राहकांच्या संख्येपासून केली, कारण ती सोपी वाटत होती. टॅलीतून बी-टू-बी बिलांची यादी काढली. नावं ५८ निघाली. पण बिलावरचं नाव म्हणजे ग्राहक नव्हे, हे यादी वाचतानाच लक्षात येतं. एकच कंपनी कधी ‘प्रा. लि.’, कधी ‘प्रायव्हेट लिमिटेड’, कधी प्लांटच्या नावाने नोंदलेली असते. इथे जीएसटी नंबर फार उपयोगी पडतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. मी त्या दहा अक्षरांचा वेगळा रकाना करून यादी लावली. पुण्यातला प्लांट आणि गोव्यात वेर्ण्याचा प्लांट असलेली एक औषध कंपनी माझ्या वहीत दोन ग्राहक म्हणून बसली होती, ती एक झाली. अशा चार जोड्या निघाल्या. ५८ ची संख्या ५४ झाली.

मग कामाचा प्रकार पाहिला. १७ कंपन्यांमध्ये मी फक्त एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं होतं. तेही कष्टाचंच काम, पण ‘ऑडिट केलं’ या वाक्यात ते बसत नाही. उरल्या ३७. त्यांतल्या दोन ऊर्जा सेवा देणाऱ्या संस्था. त्यांच्या कामावर मी उपकंत्राटाने जाते. बिल त्यांच्या नावाचं आणि प्लांट त्यांच्या ग्राहकाचा असतो. चार ठिकाणी फक्त एक फेरी मारून प्राथमिक टिपण दिलं होतं, मोजणी झालीच नव्हती. हे सगळं वजा केल्यावर ३१ कंपन्या राहिल्या. जोड्यांमधले जादा चार प्लांट मोजले की प्लांट ३५.

आता पहिल्या पानावर हे वाक्य आहे: ‘२०१९ ते मार्च २०२५ या काळात ३१ कंपन्यांच्या ३५ प्लांटमध्ये कॉम्प्रेस्ड एअर ऑडिट, मोजणीसह. याशिवाय १७ कंपन्यांमध्ये प्रशिक्षण. दोन ऊर्जा सेवा संस्थांसाठी उपकंत्राटाने केलेली कामं यात धरलेली नाहीत.’ माझा भाऊ जाहिरातीच्या क्षेत्रात आहे. तो म्हणाला, “ताई, सरळ ‘५०+’ लिही ना, खोटं थोडंच आहे?” खोटं नाही, हे मलाही मान्य आहे. पण अधिकचं चिन्ह लावलं की वाचणाऱ्याला आकडा कुठे थांबतो ते कळत नाही, आणि ‘५०+’ मध्ये प्रशिक्षणाचा एक दिवस आणि आठवडाभराचं ऑडिट एकाच मापाने मोजलं जातं. काम देणाऱ्याला नेमका तोच फरक हवा असतो. तारीखही तितकीच महत्त्वाची. ‘मार्च २०२५’ लिहिल्यावर आकडा कधीचा हे विचारावं लागत नाही.

नोकरीतल्या वर्षांचं काम मी या संख्येत घेतलेलं नाही. तिथे मी बरीच गळती शोधली, पण ती पगारी माणूस म्हणून, आणि शेजारी पूर्ण विभाग होता. लिंक्डइनवर अनुभवाच्या रकान्यात ती नोकरी आहे, तिथे माझं पद आणि जबाबदारी लिहिली आहे. त्या कंपनीचा लोगो ग्राहकांच्या रांगेत ठेवला असता, तर मी त्यांना सल्लागार म्हणून सेवा दिली असा अर्थ निघाला असता.

लोगोंचं प्रकरण सगळ्यात लांबलं. माझा पहिला समज असा की ज्या कारखान्यात काम केलं त्याचं नाव घ्यायला काय हरकत? पण कपाटातल्या परचेस ऑर्डर काढून मागची बारीक अक्षरातली पानं वाचली, तर मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांच्या अटींमध्ये एक कलम होतं: पुरवठादाराने लेखी परवानगीशिवाय कंपनीचं नाव, चिन्ह किंवा या ऑर्डरचा उल्लेख प्रसिद्धीसाठी वापरायचा नाही. शिवाय काहींशी गोपनीयतेचा वेगळा करार होता. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या, आचारसंहितेतही या दोन्ही गोष्टी आहेत: दावा सिद्ध करता आला पाहिजे, आणि एखाद्या संस्थेच्या परवानगीविना तिचा उल्लेख करून अवाजवी फायदा घेता येत नाही.

मग परवानगी मागायला सुरुवात केली. कोणाकडे मागायची, यालाच महत्त्व आहे. ज्यांच्याबरोबर आपण काम केलं ते मेंटेनन्सचे साहेब लगेच “हो मॅडम, लावा की” म्हणतात, पण लोगो द्यायचा अधिकार त्यांना नसतो. लहान कंपनीत मालकाने पाठवलेला मेल पुरतो. मोठ्या कंपनीत परचेसला लिहायचं आणि मार्केटिंग किंवा कॉर्पोरेट कम्युनिकेशनला सीसीमध्ये ठेवायचं. माझा मेल असा होता:

‘आपल्या भोसरी येथील प्लांटमध्ये आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये कॉम्प्रेस्ड एअर ऑडिट केलं. आमच्या प्रोफाइलमध्ये आणि लिंक्डइन पानावर आपलं नाव व लोगो पुढील ओळीसह वापरण्याची परवानगी हवी आहे: “भोसरी प्लांट, कॉम्प्रेस्ड एअर ऑडिट, २०२३”. बचतीचा कोणताही आकडा आपल्या नावासोबत देणार नाही. परवानगी कधीही मागे घेतल्यास सात दिवसांत नाव काढू.’

लोगोखाली येणारी नेमकी ओळ मेलमध्येच दिली, त्यामुळे काम सोपं झालं. नुसता लोगो मागितला की वकिलांना वाटतं उद्या ही बाई काय लिहील कोण जाणे. ओळ समोर असली की हो किंवा नाही म्हणता येतं. लहान आणि मध्यम कंपन्यांचे होकार बहुधा लवकर आले. एका मोठ्या कंपनीने नाव वापरा पण लोगो नको असं कळवलं. दुसरीने लोगोसोबत त्याच्या वापराचे नियम पाठवले, म्हणजे भोवती किती मोकळी जागा सोडायची, कोणत्या रंगावर ठेवायचा नाही वगैरे. काहींकडून उत्तरच आलं नाही. उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही, असं मी धरलं. ३१ पैकी १२ लोगो आणि ५ नुसती नावं अशी रांग तयार झाली. तिच्यावर लिहिलंय: ‘३१ पैकी ज्यांनी लेखी परवानगी दिली अशा १७ कंपन्या.’ एवढं वाचल्यावर उरलेल्या १४ का दिसत नाहीत हा प्रश्नच उरत नाही.

एका लोगोचा मोह मोठा होता. देशातल्या नावाजलेल्या मोटार कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या तीन कारखान्यांत मी काम केलं आहे. आमच्या क्षेत्रात अशा वेळी त्या मोटार कंपनीचाच लोगो लावण्याची पद्धत आहे, ‘त्यांच्या सप्लाय चेनमध्ये काम’ असा आधार घेऊन. मला ते पटलं नाही. त्या कंपनीच्या गेटमधून मी कधी आत गेले नाही. ज्यांनी मला पैसे दिले, ज्यांच्या प्लांटमध्ये मी शिडीवर चढून पाइप तपासले, त्यांचंच नाव तिथे यायला हवं. उपकंत्राटाच्या कामांबाबतही तेच केलं. त्या संस्थेची परवानगी घेऊन ‘अमुक संस्थेच्या वतीने सहा प्लांटमध्ये मोजणी’ अशी वेगळी ओळ घातली. त्या सहांची नावं सांगायचा हक्क माझा नाही.

नाव न देता वर्णन करतानाही जपावं लागतं. ‘महाराष्ट्रातील औषध कंपनी’ चालतं. पण तालुका, उत्पादन आणि कॉम्प्रेसरची संख्या लिहिली की आमच्या क्षेत्रातला माणूस दोन मिनिटांत कारखाना ओळखतो. म्हणून जिथे नाव नाही तिथे मी उद्योगाचा प्रकार आणि कॉम्प्रेसरची क्षमता एवढंच ठेवलं, गावाचं नाव काढून टाकलं.

आता निकाल. खरी परीक्षा इथे असते, कारण आमच्या कामात एकाच प्लांटच्या खऱ्या मोजण्यांतून तीन वेगवेगळे आकडे निघतात आणि तिन्ही बरोबर असतात. एक उदाहरण पूर्ण सांगते. त्या कंपनीच्या लेखी संमतीने ते प्रोफाइलमध्येही आहे, नावाशिवाय.

७५ किलोवॅटचे तीन स्क्रू कॉम्प्रेसर, त्यांतले दोन चालू आणि एक राखीव. गळती मोजायची पद्धत साधी आहे. रविवारी उत्पादन बंद असताना एक कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. कोणी हवा वापरत नाही, तरी गळतीमुळे प्रेशर पडतं आणि कॉम्प्रेसर लोड होतो, म्हणजे हवा भरू लागतो, आणि प्रेशर भरलं की अनलोड होऊन रिकामा चालतो. घड्याळ लावून दोन्ही वेळा टिपायच्या. तिथे सरासरी लोड ४८ सेकंद आणि अनलोड ११२ सेकंद आलं. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, म्हणजे ४८ भागिले १६०, म्हणजे त्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा निव्वळ गळत होती. अल्ट्रासॉनिक यंत्राने गळतीच्या जागा शोधून टॅग लावले. जास्त गळती होती ती हवा गाळून प्रेशर नेमकं ठेवणाऱ्या एफआरएलच्या वाट्यांवर, क्विक कपलिंगवर आणि जुन्या पीयू नळ्यांच्या तोंडाशी. तिथल्या फिटरांनी आठवड्याभरात दुरुस्ती केली. लाइनचं प्रेशर ७.५ वरून ६.८ बारवर आणलं. साधारण ७ बारच्या आसपास एक बार कमी केलं की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी कमी होते, म्हणून ही गोष्टही महत्त्वाची. पुन्हा रविवारी मोजलं, तर लोड १८, अनलोड १३२. गळती १२ टक्क्यांवर आली होती.

गळती ३० वरून १२, म्हणजे ‘गळतीत ६० टक्के घट’. हा पहिला आकडा, आणि प्रोफाइलवर सगळ्यात देखणा. पण ही विजेची बचत नाही.

दुसरा आकडा कॉम्प्रेसर रूमच्या मीटरचा. आधीच्या तीन महिन्यांत १,८६,००० युनिट, दुरुस्तीनंतरच्या तीन महिन्यांत १,४८,८००. सरळ वजाबाकी केली तर २० टक्के बचत. पण त्याच काळात उत्पादन १,२०० टनांवरून १,०८० टनांवर आलं होतं. कमी माल म्हणजे कमी हवा. ती बचत माझी कशी म्हणायची? म्हणून टनामागचे युनिट काढले. आधी १५५, नंतर १३७.८. फरक ११ टक्के. हेही अगदी काटेकोर माप नाही, कारण गळती आणि रिकाम्या चालण्याची वीज उत्पादनाबरोबर कमी-जास्त होत नाही. उत्पादन घटलं की टनामागचा खर्च मुळातच थोडा वाढतो. म्हणजे ११ टक्के हा आकडा माझ्या बाजूने फुगलेला नाही, झाला तर किंचित कमीच आहे.

तिसरा आकडा पूर्ण प्लांटचा. टनामागे १७.२ युनिट आणि महिन्याला ३६० टन, म्हणजे महिन्याला साधारण ६,२०० युनिट वाचले. कारखान्याचा एकूण वापर महिन्याला सुमारे ३,४०,००० युनिट. एकूण बिलाच्या हिशेबाने बचत दोन टक्क्यांच्याही आत. बिलातला सरासरी दर ९ रुपये धरला तर महिन्याला सुमारे ५६ हजार रुपये, आणि दुरुस्तीचं सामान एक लाख चाळीस हजारांचं.

६०, २०, ११ आणि २ यांतला कोणता आकडा ठळक लिहायचा? मी लिहिलं: ‘कॉम्प्रेसर विभागाच्या विजेत टनामागे ११ टक्के बचत (एकूण प्लांट वापराच्या सुमारे १.८ टक्के). तीन महिने आधी, तीन महिने नंतर. मोजणी आणि जागा शोधणं आमचं, दुरुस्ती प्लांटच्या मेंटेनन्स टीमची. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलेली गळती: १७ टक्के.’ शेवटचं वाक्य काढ, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी ठेवलं. हवेची गळती परत येतेच. नळ्या झिजतात, कोणीतरी घाईत कपलिंग बदलतं. ज्याने कारखाना चालवला आहे त्याला हे ठाऊक असतं, आणि १२ टक्के कायमचे टिकले असं लिहिलं असतं तर त्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडाला असता.

एका प्लांटचा निकाल मात्र मी वापरलाच नाही. तिथे बचत चांगली दिसत होती, पण त्याच तिमाहीत त्यांनी जुना कॉम्प्रेसर काढून व्हीएफडी असलेला, म्हणजे गरजेप्रमाणे मोटारचा वेग बदलणारा, नवा बसवला होता. गळती बंद झाल्याने किती वाचलं आणि नव्या यंत्राने किती, हे वेगळं करण्याजोगी मोजणीच नव्हती.

आणि एक चांगलं उदाहरण एकटंच दाखवलं तर वाचणाऱ्याला वाटणार की सगळीकडे असंच होतं. म्हणून खाली एक ओळ आहे: ‘३५ पैकी १२ प्लांटमध्ये दुरुस्तीनंतरची मोजणी झाली. कॉम्प्रेसर विभागातील बचत ४ ते १९ टक्के. उरलेल्या २३ ठिकाणी नंतरची मोजणी आमच्याकडून झालेली नाही.’ त्या २३ पैकी काहींनी अहवाल घेऊन दुरुस्ती पुढे ढकलली, काहींनी स्वतःच मोजलं. जिथे पुन्हा बोलावणं आलं तिथे बहुधा काम मनावर घेतलेलं होतं, त्यामुळे हे १२ प्लांट सरासरीपेक्षा बरे असण्याची शक्यता आहे. विचारणाऱ्याला मी हे तोंडीही सांगते.

पडताळणीची सोय शेवटच्या पानावर आहे. वरच्या उदाहरणाचा पूर्ण हिशेब, नाव काढून, एक्सेलमध्ये मागवता येतो. त्यात सेकंदांच्या नोंदी आणि मीटरची रीडिंग आहेत. फोनवर बोलायला तयार असलेले तीन ग्राहकही आहेत. त्यांचे नंबर मी छापत नाही. कोणी मागितला की आधी त्यांना विचारते, मग देते. या तिघांत एक असे आहेत, ज्यांच्याकडे बचत जेमतेम पाच टक्के आली. मुद्दाम ठेवलं आहे त्यांना.

याचा पहिला उपयोग इचलकरंजीच्या एका एअरजेट लूमवाल्यांच्या बाबतीत झाला. एअरजेटमध्ये आडवा धागा हवेच्या झोताने फेकतात, त्यामुळे हवेचा खर्च प्रचंड. त्यांनी प्रोफाइल वाचून फोन केला आणि थेट म्हणाले, “मॅडम, तुमच्या ३१ मध्ये कापडवाला एकपण दिसत नाही.” मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं. ऑटो, औषधं आणि खाद्यपदार्थ, एवढंच केलंय. लूमच्या नोझलचं प्रेशर किती ठेवायचं यात मी पडणार नाही, ते तुमचे मास्टरच ठरवतील. कॉम्प्रेसर रूमपासून लूमच्या व्हॉल्व्हपर्यंतचं मी मोजू शकते.” त्यांनी संदर्भातल्या तिघांपैकी नेमका पाच टक्केवाल्यांचा नंबर मागितला. दोघांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. नंतर त्यांचा निरोप आला की आधी एका शेडचं, एका रविवारचं काम करून पाहू. ते झालं, आणि आता दुसऱ्या शेडचं ठरतंय. पुढच्या यादीत ते बत्तिसावे असतील. लोगो लावायचा की नाही, तो मेल मी अजून पाठवलेला नाही. आधी दुरुस्तीनंतरची मोजणी होऊ दे.

दर मार्चअखेर बिलांची यादी, परवानग्यांची फाइल आणि निकालांची शीट एकदा समोरासमोर ठेवते. या वेळी लोगोंच्या रांगेतली एक कंपनी दुसरीने विकत घेतल्याचं कळलं. जुन्या मालकांनी दिलेली परवानगी नव्यांना लागू धरणं मला योग्य वाटलं नाही, म्हणून लोगो उतरवला आणि नव्या व्यवस्थापनाला मेल केला. उत्तर येईपर्यंत रांगेवरच्या ओळीत १७ च्या जागी १६ लिहिलं आहे. ३१ मात्र ३१ च आहे, कारण काम झालंच होतं.